सरांचा आवाज डाव्या बडमध्येच अडकला

पत्र: दादा, मी दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात राहतो. लहानपणी गालफुगी झाली तेव्हापासून डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही, उजवा कान ठणठणीत आहे. तालुक्याच्या अभ्यासिकेत तलाठी भरतीचा अभ्यास करतो. तिथं आवाज चालत नाही म्हणून वायरलेस इअरबड घेतले. दोन्ही कानांत घालतो, एकच घातला की पोरं विचारतात. फोनवर बोलणं एकदम स्पष्ट येतं. पण काही लेक्चरमध्ये सरांचा आवाजच येत नाही, नुसती खरखर येते. मित्र म्हणे बॅलन्स पूर्ण उजवीकडं सरकव. सरकवला, तरी तेच. बड खराब निघाला का? बदलून घेऊ का?

उत्तर:

भाऊ, बड बदलू नका. तो चांगला आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. फोनवरचं बोलणं तुम्हाला स्पष्ट येतं. बडचा स्पीकर गेला असता तर तेही गेलं असतं.

बोलणं येतं आणि लेक्चर येत नाही, याचं कारण असं की कॉलचा आवाज फोनमधून एकेरीच निघतो. समोरच्याच्या तोंडाशी एक माईक, त्याचा एक आवाज, तोच दोन्ही बडमध्ये सारखा. गाणी आणि व्हिडिओचा आवाज मात्र दुहेरी असतो, डावीकडचा वेगळा आणि उजवीकडचा वेगळा. बहुतेक लेक्चरमध्ये दोन्हीकडे एकच असतं, म्हणून ती तुम्हाला नीट ऐकू येतात. पण काही ठिकाणी सर कॉलरला लावायचा छोटा माईक घेतात, त्याची पिन कॅमेऱ्याला किंवा मिक्सरला अशी लागते की आवाज फक्त डाव्या बाजूला नोंदला जातो आणि उजवी बाजू रिकामी राहते. रेकॉर्डिंग करणाऱ्याला ते कळतही नाही, कारण तो स्पीकरवर ऐकून खात्री करतो आणि खोलीत दोन्ही बाजू मिसळून जातात. मग तो व्हिडिओ तुमच्याकडे येतो. सर डाव्या बडमध्ये बोलत असतात, म्हणजे तुमच्या बंद कानात, आणि उजव्यात उरते ती रिकाम्या तारेची खरखर.

आता मित्राचा बॅलन्स. हा घोटाळा माझ्या दुकानात दर महिन्याला एकदा तरी येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नाव ‘बॅलन्स’ असल्यामुळे माणसाला वाटतं की पट्टी उजवीकडे सरकवली की सगळा आवाज उजवीकडे जाईल. तसं होत नाही. तुमच्याकडे ठिबक असेलच. समजा विहिरीचा पाइप डावीकडून येतो आणि बोअरचा उजवीकडून, दोन्हींवर कॉक आहेत. बॅलन्स उजवीकडे नेणं म्हणजे डावा कॉक बंद करणं. त्यानं विहिरीचं पाणी बोअरच्या पाइपात येत नाही, ते विहिरीतच राहतं. उजव्या पाइपाचा जोरही वाढत नाही, तो होता तेवढाच राहतो. म्हणजे तुम्ही पट्टी सरकवून सरांचा आवाज, जो आधी निदान डाव्या बडमधून बाहेर तरी पडत होता, तोही बंद केला.

तुम्हाला हवी आहे दुसरी गोष्ट, मोनो. मोनो म्हणजे दोन्ही पाइप एकाच हौदात सोडायचे आणि त्या हौदाचं पाणी दोन्हीकडे सारखं द्यायचं. डावीकडे जे होतं ते उजव्या बडमध्ये येतं, उजवीकडचं डाव्यातही जातं. एका कानानं ऐकणाऱ्याला हेच लागतं, आणि हे फोनमध्येच असतं, वेगळं ॲप घालायची गरज नाही.

साध्या अँड्रॉइड फोनमध्ये `Settings` उघडा, त्यात `Accessibility`, आणि तिथं आवाजाच्या भागात `Mono audio` असं बटण सापडेल. सॅमसंगमध्ये ते `Hearing enhancements` या नावाखाली असतं. आयफोनमध्ये `Accessibility` मध्ये `Audio & Visual`, त्यात `Mono Audio`. प्रत्येक कंपनी वेगळ्या कोपऱ्यात लपवते, म्हणून मी गिऱ्हाइकाला सोपं सांगतो: `Settings` च्या वरच्या शोधचौकटीत `mono` एवढं टाइप करा, फोन स्वतःच नेऊन सोडतो. बटण चालू करा आणि त्याच पानावर, किंवा जवळच, बॅलन्सची पट्टी असेल ती परत बरोबर मधोमध आणा. ही दुसरी पायरी लोक विसरतात.

मधोमध का, तेही सांगतो. मोनो चालू असताना दोन्ही बडमध्ये एकच आवाज असतो, त्यामुळे डावा कॉक बंद ठेवून तुमच्या उजव्या कानाला काही जास्त मिळत नाही. उलट एखाद दिवशी उजव्या बडची बॅटरी संपेल, डावा बड हाताशी भरलेला असेल, तो उजव्या कानात घालाल आणि त्यातून काहीच येणार नाही, कारण पट्टी सगळी उजवीकडे. मग पुन्हा ‘बड खराब’. डाव्या बडचा आकार डाव्या कानाचा असतो, उजव्या कानात तो थोडा वाकडा बसतो, पण अर्ध्या तासाच्या लेक्चरला चालतो. मोनो असेल तरच, हे मात्र ध्यानात ठेवा. मोनो नसेल तर डाव्या बडमध्ये फक्त डावी बाजू येईल.

झालं की नाही ते तपासायचं कसं? यूट्यूबवर `left right stereo test` शोधा. त्यात एक आवाज आधी डावीकडून ‘लेफ्ट’ म्हणतो, मग उजवीकडून ‘राइट’. उजवा बड कानात घाला, डावा काढून टेबलावर ठेवा, डबीत टाकू नका. मोनो बंद असेल तर तुम्हाला नुसतं ‘राइट’ ऐकू येईल आणि मध्ये मोकळी जागा जाईल. मोनो चालू केलं की दोन्ही शब्द एकाच कानात येतील. ही परीक्षा एका मिनिटात होते आणि अंदाजाचं काम राहत नाही.

डावा बड टेबलावर ठेवा असं मुद्दाम म्हटलं, त्याच्यामागं एक गंमत आहे. बऱ्याच बडमध्ये अशी सोय असते की एक बड डबीत ठेवून झाकण लावलं की दुसरा आपोआप दोन्ही बाजू एकत्र करून देतो. चांगली सोय आहे, पण सगळ्यांमध्ये नसते, आणि जिथं असते तिथंही बहुतेकदा ती बड डबीत गेल्यावरच जागी होते. तुम्ही तो खिशात टाकला, किंवा न ऐकणाऱ्या कानात घालून ठेवला, तर फोनला वाटतं जोडी पूर्ण आहे. डावा बड तुमच्या कानात बसून बिचारा ज्याला कोणी ऐकत नाही त्याला गाणी ऐकवत राहतो. पोरं विचारतात म्हणून तुम्ही दोन्ही घालता, त्यामुळे ही आपोआपची सोय असलीच तरी तुमच्या वाट्याला कधी आली नसेल. फोनमधला मोनो चालू असला की मग बड खिशात असो, कानात असो की डबीत, फरक पडत नाही. दोन्ही घालायचे तर खुशाल घाला. मी असतो तर डावा डबीत ठेवला असता, बॅटरी तरी राखीव राहते, पण अभ्यासिकेतल्या पोरांच्या चौकशांना मी तोंड देत नाही, तुम्ही देता.

हे मला आधीपासून माहीत होतं असं नाही. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्याच भागातले एक काकाजी दुकानात आले. वय सत्तरीचं, डावा कान तरुणपणीच गेलेला. गावच्या भजन मंडळाचं रेकॉर्डिंग नातवानं फोनमध्ये टाकून दिलं होतं. काकाजी म्हणाले, “खंजिरी आयकू येते, टाळ आयकू येते, पन बुवा कोठी गेला? बुवाच नाही बाप्पा!” मी बड कानाला लावून पाहिला, माझ्या दोन्ही कानांत दोन्ही बड, मला बुवा ऐकू आला. मी म्हटलं, काकाजी, तुमचा उजवा बड कमजोर झाला. नवी जोडी विकली. चार दिवसांनी ते परत आले, नव्या जोडीतही बुवा नव्हता. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मंडपात दोन माईक होते, बुवांपुढचा एका बाजूला आणि वाद्यांपुढचा दुसऱ्या बाजूला जोडलेला. काकाजींच्या चांगल्या कानात नुसतीच वाद्यांची बाजू येत होती. मोनो चालू केला आणि बुवा आला. नव्या जोडीचे पैसे परत दिले, जुनी त्यांच्याच हातात ठेवली. तेव्हापासून कोणी एका कानानं ऐकणारा आला की मी आधी बड तपासत नाही, सेटिंग तपासतो, आणि स्वतः एकच बड कानात घालून ऐकतो.

तुमच्या बाबतीत मोनो चालू केल्यावर दोन-तीन गोष्टी दिसतील, त्यांनी गोंधळू नका.

पहिली, जे लेक्चर फक्त डाव्या बाजूला नोंदलेलं आहे ते मोनोमध्ये येईल खरं, पण बाकीच्यांपेक्षा थोडं बारीक येईल. एका बाजूला सर आणि दुसऱ्या बाजूला शांतता, दोन्ही मिसळली की पातळ होणारच. तुम्ही आवाज वाढवाल. पुढचा व्हिडिओ लागला, तो दोन्ही बाजूंना पूर्ण नोंदलेला असला, की तो एकदम कानावर आदळेल. म्हणून व्हिडिओ बदलण्याआधी आवाज दोन-तीन घरं खाली आणायची सवय लावा. यूट्यूबचं पुढचं आपोआप लावणं बंद ठेवलं तर आणखी बरं.

दुसरी गोष्ट क्वचित घडते, पण घडली की माणूस चक्रावतो. मोनो बंद असताना सर ऐकू येतात आणि मोनो चालू केला की गायब होतात. असा व्हिडिओ भेटला तर समजा की रेकॉर्डिंगच्या वेळी तारेत गडबड झाली होती आणि दोन्ही बाजूंना एकच आवाज पण एकमेकाच्या उलटा नोंदला गेला आहे. एक लहर वर जाते तेव्हा दुसरी तेवढीच खाली जाते. वेगवेगळ्या कानांत ते कळत नाही, एकत्र केलं की दोन्ही एकमेकाला खाऊन टाकतात आणि उरतो तो खोलीचा पुसट घुमारा. त्यात तुमची चूक नाही, फोनचीही नाही. तेवढ्या व्हिडिओपुरता मोनो बंद करा. उजव्या बाजूला सर आहेतच, एका कानाला ते पूर्ण ऐकू येतील. गाण्यांमध्येही याचा थोडा अंश असतो, मागचा कोरस किंवा घुमारा मोनोत जरा पातळ वाटतो. आणि ती डोक्याभोवती फिरणारी गाणी येतात ना, हेडफोन लावूनच ऐका असं लिहिलेली, त्यांचं फिरणं मोनोत संपतं. एका कानाला ते तसंही फिरत नव्हतं, येत-जात होतं.

तिसरी, ही सेटिंग फोनमध्ये राहते, बडमध्ये नाही. नवा फोन घेतला, किंवा फोन पूर्ण पुसून नव्यानं चालू केला, की पुन्हा लावावी लागते. अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरला बड जोडले तर तिथं फोनचा मोनो चालत नाही. विंडोज ११ मध्ये तो `Settings`, `Accessibility`, `Audio` या रस्त्यानं वेगळा चालू करायचा. घरी फोन भावंडांत फिरत असेल तर अधूनमधून बॅलन्सची पट्टी मधोमध आहे ना ते पाहत जा, कोणाचा तरी अंगठा लागून ती सरकलेली मी कित्येक फोनमध्ये पाहिली आहे.

आता आवाजाच्या पातळीबद्दल, कारण तुमच्याकडे स्पेअर कान नाही. दोन कानांनी ऐकणाऱ्याला तोच आवाज थोडा मोठा भासतो, एका कानाला कमी भासतो, म्हणून एका कानाची माणसं नकळत आवाज वर ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की मोठ्या माणसानं ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावं, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे फक्त ४ तास उरतात. तुमच्या कानात किती डेसिबल आहे ते तुम्हाला दिसत नाही, पण एक गोष्ट दिसते: अभ्यासिकेत नुसता पंखा असतो आणि तिथं निम्म्याच्या आसपास काम भागतं. तोच व्हिडिओ तुम्ही एसटीत लावता तेव्हा खिडक्यांच्या खडखडाटावर मात करायला आवाज शेवटपर्यंत नेता. कानाला त्रास होतो तो तिथं, अभ्यासिकेत नाही. एसटीत लेक्चर डाउनलोड करून ठेवा आणि घरी ऐका, किंवा बसमध्ये नोट्स वाचा.

मोटारसायकलवर आणि वावरात बड अजिबात नको. दोन कानांचा माणूस एक बड घालून दुसऱ्या कानानं मागचा हॉर्न ऐकतो. तुम्ही उजव्यात बड घातला की तुमचे दोन्ही कान बंद. काही बडमध्ये बाहेरचा आवाज आत घेणारा मोड असतो, पण ट्रॅक्टर डावीकडून येतो की उजवीकडून, हे एका कानाला तसंही नीट कळत नाही, आणि तो मोड ते कळवून देत नाही.

शेवटी एक गोष्ट जी तुम्हाला कधी ना कधी घाबरवेल. काही महिन्यांनी उजव्या बडचा आवाज हळूहळू बारीक होईल. एकच कान असलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो म्हणजे हाही गेला. बहुतेक वेळा कान गेलेला नसतो, बडच्या तोंडावरच्या बारीक जाळीत मळ बसलेला असतो, कारण रोज तोच बड वापरला जातो, आणि चंद्रपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात घामही त्यात मुरतो. ओळखायची रीत सोपी आहे. डावा बड, जो फारसा वापरला गेलेला नाही, तो उजव्या कानात लावून तेच लेक्चर ऐका, मोनो चालू ठेवून. डाव्यातून मोठा येत असेल तर जाळी तुंबली आहे. रबरी टोपी काढा, जाळी जमिनीकडे तोंड करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशनं हलकेच झाडा. टाचणी घालू नका, पाणी लावू नका, फुंकर मारली तर मळ आत जातो.

दोन्ही बडमधून सारखंच बारीक येत असेल तर फोन सरळ उजव्या कानाला लावून कुणाला तरी कॉल करा. तोही बारीक येत असेल, आणि हे दोन-तीन दिवसांत अचानक झालं असेल, तर मग प्रश्न दुकानाचा राहिला नाही. मेणाचा बोळाही असू शकतो, पण आतल्या नसेचं ऐकणंही असंच अचानक जातं, आणि त्यावरची औषधं पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर जास्त उपयोगाची असतात, जितकी लवकर तितकी बरी. त्या दिवशी कानात तेल टाकत बसू नका, बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा आणि नाव नोंदवतानाच सांगा की माझा हा एकच कान आहे.